ओटीपी मीच टाकला, तरी दुसरे पैसे परत मागता येतात का?

*ताई, ३ मार्चला रात्री ऑनलाइन एक स्टडी टेबल घेतलं. पेमेंटचं चक्र फिरत राहिलं आणि ‘पेमेंट फेल्ड’ आलं म्हणून मी परत पे केलं, दोन्ही वेळा ओटीपी मीच टाकला. टेबल एकच आलं. स्टेटमेंटला मात्र १८,४५० दोनदा. दुकानवाले म्हणतात आमच्याकडे एकच पेमेंट दिसतंय, बँकेशी बोला. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ निवडून तक्रार टाकली तर कार्ड ब्लॉक झालं, नवीन आलं, आणि दहा दिवसांनी उत्तर आलं की व्यवहार ओटीपीने झालाय, तक्रार बंद. पाच आठवडे झाले. आता सोडून देऊ का? — दोन्हीकडून टोलवलेला*

सोडू नका. तुमची केस चांगली आहे, फक्त चुकीच्या खिडकीत गेली. ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ म्हणजे फ्रॉडची खिडकी, आणि तिथे बँक एकच गोष्ट तपासते की कार्ड वापरणारा माणूस तुम्हीच होता का. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला आणि बरोबर टाकला गेला, म्हणजे तुम्हीच होतात, म्हणजे फ्रॉड नाही, विषय संपला. बँकेने तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलंय हो, प्रश्नच चुकला होता. तुमचं म्हणणं ‘मी केलं नाही’ हे नाहीच आहे, तुमचं म्हणणं आहे ‘मी एकाच वस्तूसाठी दोनदा भरले’. ओटीपीवरून कळतं की पैसे कोणी दिले, त्या पैशांच्या बदल्यात काय मिळालं ते ओटीपीवरून कळत नाही. ही दोन वाक्यं कुठेतरी लिहून ठेवा, कस्टमर केअरला फोन कराल तेव्हा पलीकडून पहिलं वाक्य ओटीपीचंच येणार आहे.

कार्ड नेटवर्कच्या नियमांत या प्रकाराला वेगळी जागा आहे. व्हिसामध्ये 12.6.1 हा डुप्लिकेट प्रोसेसिंगचा कोड आहे, मास्टरकार्डमध्ये 4834 या कोडखाली ‘एकाच वस्तूचे एकापेक्षा जास्त वेळा पैसे घेतले’ ही केस येते. कोड तुम्हाला टाकायचा नसतो, तो बँकेचा डिस्प्यूट डेस्क लावतो, पण अ‍ॅपमधला जो पर्याय तुम्ही निवडता त्यावरून तुमचा अर्ज कोणत्या टेबलावर जाणार ते ठरतं. तेव्हा ‘दोनदा चार्ज झाला’ किंवा ‘डुप्लिकेट’ असं काहीतरी शोधा, नसेल तर ‘इतर’ निवडून लिहून द्या. एक बारकी गोष्ट सांगते, कारण इथे हुशार लोक पण अडकतात. तुम्ही स्वतः दोनदा बटण दाबलंय, त्यामुळे सिस्टिमच्या हिशोबाने ते दोन वेगळे व्यवहार आहेत, दोघांचे ऑथरायझेशन कोड, म्हणजे पेमेंट मंजूर करताना बँक देते ते नंबर, वेगळे असणार. एखादा काटेकोर माणूस म्हणेल ही तर एकाच व्यवहाराची नक्कल नाही, दोन स्वतंत्र पेमेंट आहेत. म्हणून ‘मशीनने चुकून दोनदा घेतलं’ असं लिहू नका, जे झालं तेच लिहा: ऑर्डर एक, वस्तू एक, पेमेंट दोन, त्यातल्या एका रकमेच्या बदल्यात काहीही मिळालेलं नाही. मग कोणता कोड बसवायचा ते डेस्क बघेल, तुम्ही वकिली करायला जाऊ नका.

आता दुकानवाले ‘एकच दिसतंय’ म्हणतात ते खोटं बोलतायत असं नाही बरं का, बहुतेक त्यांना खरंच एकच दिसत असेल. होतं असं की तुमचं पहिलं पेमेंट बँकेकडून पास होतं, पेमेंट गेटवेकडे, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या मधल्या कंपनीकडे, पैसे धरले जातात, पण ‘झालं’ हा निरोप दुकानाच्या वेबसाइटपर्यंत पोचत नाही, कनेक्शन तुटतं किंवा वेळ संपते. वेबसाइट तुम्हाला ‘फेल्ड’ दाखवते, तुम्ही परत भरता, या वेळी निरोप पोचतो आणि ऑर्डर तयार होते. पहिले पैसे मात्र गेटवेवर दुकानाच्या खात्यात कुठल्याच ऑर्डरला न जोडलेले पडून असतात. चॅटवरचा माणूस ऑर्डर नंबर टाकून बघतो, त्याला एकच पेमेंट दिसणार, दुसरं काय दिसणार! ऑर्डर नंबरने ते पैसे कधीच सापडत नाहीत. सापडतात ते एआरएनने नाहीतर ऑथरायझेशन कोडने.

एआरएन म्हणजे प्रत्येक पक्क्या झालेल्या कार्ड व्यवहाराला दुकानाच्या बँकेकडून मिळणारा २३ आकडी नंबर. स्टेटमेंटवर नेहमी छापलेला नसतो, बँकेला फोन करून ‘या दोन्ही व्यवहारांचे एआरएन आणि ऑथरायझेशन कोड द्या’ असं सांगितलं की मिळतात, थोडं रेटावं लागतं कधीकधी. हातात आले की दोन्ही एकाखाली एक लिहा आणि डावीकडून आठव्यापासून अकराव्यापर्यंतचे चार आकडे बघा, ती तारीख असते: पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. समजा 5062 असेल तर ५ ने संपणाऱ्या वर्षाचा ६२ वा दिवस, म्हणजे लीप वर्ष नसेल तर ३ मार्च. व्यवहार तिथे ज्या दिवशी प्रोसेस झाला तो दिवस येतो, त्यामुळे एखाददुसऱ्या दिवसाचा फरक दिसला तर दचकू नका. मुख्य म्हणजे दोन्ही एआरएन वेगळे आहेत का ते बघायचं. वेगळे असतील तर दोन्ही रकमा खरोखर दुकानाच्या बाजूने मागितल्या गेल्यात, चार्जबॅकचा, म्हणजे तुमच्या बँकेने दुकानाच्या बँकेकडून पैसे परत मागवण्याचा, रस्ता बरोबर. दोन ओळींना अक्षरशः एकच एआरएन असेल तर घोळ प्रोसेसिंगमधला असण्याची शक्यता जास्त, मग बँकेला ‘ही एंट्री दोनदा पोस्ट झालीय’ एवढंच सांगा, दुकानाला मध्ये आणायची गरजच पडणार नाही कदाचित.

(आणि एआरएनच मिळत नसेल, बँक म्हणाली की अजून आलाच नाही, तर ती एंट्री अजून पेंडिंग असू शकते. पेंडिंग म्हणजे रक्कम नुसती अडवून ठेवलेली, घेतलेली नाही, अशा एंट्रीवर चार्जबॅक होतच नाही आणि बऱ्याचदा ती काही दिवसांत आपोआप गळून पडते. तुमची दोन्ही स्टेटमेंटमध्ये पक्की होऊन आलीयत, त्यामुळे तुम्हाला ही अडचण नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणी कालच दोनदा पे केलं असेल तर आधी आठवडाभर ती ओळ बघत राहा, लगेच तक्रार ठोकू नका.)

एआरएन मिळाले की दुकानाला एक शेवटचा ईमेल टाका, चॅट नको, ईमेलच. दोन्ही एआरएन द्या, लिहा की ऑर्डर एकच आहे, पहिली रक्कम कुठल्या ऑर्डरला जोडलीय ते सांगा नाहीतर परत करा, सात दिवसांत उत्तर द्या. आणि विचारा की रिफंड आधीच सुरू केलाय का, कारण कधीकधी गेटवे स्वतःहून तो करतो आणि दुकानाच्या चॅटवाल्याला पत्ताच नसतो. रिफंड ही स्टेटमेंटवर जमेची वेगळी ओळ म्हणून येते, मूळ ओळ पुसली जात नाही, आणि पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटला पण येऊ शकते, तेव्हा नवीन कार्ड नंबरखाली पण बघा, तुमचं कार्ड बदललंय ना. सात दिवस झाले की मात्र थांबायचं नाही. ‘अजून दहा दिवस द्या’ या उत्तरात लोकांचे महिने जातात. व्हिसामध्ये डुप्लिकेटसाठी व्यवहार प्रोसेस झाल्यापासून १२० दिवस असतात पण तेवढे दिवस बँकेला मिळालेले असतात, तुम्हाला नाही. काही नेटवर्कमध्ये मुदत याहून कमी आहे आणि बँका ग्राहकाला स्वतःची त्याहून छोटी तारीख देतात, ती कार्डाच्या अटींमध्ये किंवा डिस्प्यूट फॉर्मवर असते. तुमचे पाच आठवडे गेलेत, मी असते तर हा ईमेल आजच टाकला असता आणि बँकेची तारीख आधी बघून घेतली असती, ती सात दिवसांच्या आत संपत असेल तर दुकानाची वाट न बघता अर्ज आधी.

आता पुराव्याचं. इथे अडचण अशी की तुम्हाला ‘न झालेली’ गोष्ट दाखवायचीय, दुसरी खरेदी झालीच नाही हे. लोक काय करतात, टेबलाचा फोटो लावतात. टेबलाच्या फोटोवरून एक टेबल आलं हे कळतं, दुसरं आलं नाही हे कसं कळणार? त्यापेक्षा दुकानाच्या साइटवर तुमच्या खात्यातलं ‘माझ्या ऑर्डर्स’ पान उघडा, फेब्रुवारीपासून आजपर्यंतची पूर्ण यादी दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, वर तुमचं नाव आणि कोपऱ्यात तारीख दिसू द्या, कापाकापी करू नका. त्या यादीत ३ मार्चला एकच ऑर्डर आहे, हाच तुमचा मुख्य कागद. त्याला जोडून ऑर्डर कन्फर्मेशनचा ईमेल ज्यात एकूण रक्कम १८,४५० आहे, एक इन्व्हॉइस, एक डिलिव्हरीचा मेसेज. दुसरा मुख्य कागद म्हणजे दुकानाचं ते चॅट! ‘आमच्याकडे एकच पेमेंट दिसतंय’ हे वाक्य ऐकून तुम्ही वैतागला असाल पण ते सोनं आहे, दुकान स्वतःच कबूल करतंय की दोनपैकी एका रकमेला त्यांच्याकडे ऑर्डर नाही. ते आजच सेव्ह करा, चॅट विंडो बंद झाली की बऱ्याच साइटवर परत मिळत नाही, ईमेलवर ट्रान्सक्रिप्ट मागवता येत असेल तर मागवा. ‘पेमेंट फेल्ड’चा स्क्रीनशॉट असेल तर उत्तम, नसेल तर बँकेचे दोन मेसेज आणि ऑर्डर कन्फर्मेशनची वेळ यावरून पण गोष्ट उभी राहते: पहिलं पेमेंट ९:१२, दुसरं ९:१५, ऑर्डर ९:१६, आणि ९:१२ च्या पेमेंटनंतर कुठलीच ऑर्डर नाही.

स्टेटमेंटचं ते पान लावा, दोन्ही ओळींभोवती गोल करा, कार्ड नंबरचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाका. सीव्हीव्ही किंवा ओटीपी कुठेही दिसता कामा नये, बँकेला पण ते लागत नाहीत. आणि सगळं मिळून पाच-सहा पानांत बसवा. डेस्कवरच्या माणसाकडे दिवसाला अशा फायलींचा ढीग असतो, चाळीस स्क्रीनशॉट पाठवलेत तर तो पहिले तीन बघणार, आणि ते तीन टेबलाचे फोटो असले तर झालंच. प्रत्येक फाइलला नाव द्या, ‘१ स्टेटमेंट’, ‘२ ऑर्डर यादी’ असं, आणि वर एक छोटं पत्र. मी असं लिहीन:

> तक्रार क्र. (जुना नंबर) फ्रॉड म्हणून नोंदवली गेली होती, ती माझी चूक. व्यवहार मी केले हे मला मान्य आहे. माझा आक्षेप डुप्लिकेट चार्जबद्दल आहे.
>
> ३ मार्चला मी एकच ऑर्डर दिली (ऑर्डर क्र. …), रक्कम १८,४५०. रात्री ९:१२ चं पेमेंट साइटवर फेल्ड दिसलं म्हणून ९:१५ ला परत पेमेंट केलं. दोन्ही रकमा माझ्या कार्डावर पोस्ट झाल्या (एआरएन … आणि …). ९:१५ च्या पेमेंटवर ऑर्डर तयार झाली आणि वस्तू मिळाली, ते पेमेंट मला मान्य आहे. ९:१२ च्या पेमेंटच्या बदल्यात कोणतीही वस्तू किंवा सेवा मिळालेली नाही. दुकानाने चॅटमध्ये एकच पेमेंट दिसत असल्याचं सांगितलं आहे (जोडपत्र ४) आणि रिफंड दिलेला नाही.
>
> कृपया ९:१२ च्या व्यवहारासाठी १८,४५० चा चार्जबॅक करावा.

बघा, यात कोणता व्यवहार मान्य आणि कोणता नाही हे वेगवेगळं सांगितलंय. हे फार जण विसरतात. नुसतं ‘दोनदा कट झाले’ लिहिलं की डेस्क कोणत्या एका ओळीवर आक्षेप लावायचा ते अंदाजाने ठरवतो, आणि त्याने खरी ऑर्डर जोडलेली ओळ उचलली तर दुकान आरामात इन्व्हॉइस आणि डिलिव्हरीची सही पाठवून जिंकतं. पहिल्या वाक्यात चूक कबूल केलीय ती पण मुद्दाम, कारण जुन्या तक्रारीत तुम्ही ‘मी केलं नाही’ म्हणालाय आणि आता ‘मी केलं’ म्हणताय, हा विरोध त्यांना दिसणारच, मग आपणच आधी सांगितलेला बरा.

अर्ज गेला की काही बँका तेवढी रक्कम तात्पुरती जमा दाखवतात. ते पैसे अजून तुमचे नाहीत. दुकानाच्या बँकेला उत्तर द्यायला साधारण महिना-दीड महिना असतो, दुकान गप्प राहिलं किंवा मान्य केलं तर जमा पक्की, आणि त्यांनी कागद पाठवले तर ती जमा उलटू शकते. बँकेने ‘दुकानाने पुरावा दिलाय’ असं कळवलं तर तिथे हार मानू नका, तो पुरावा मागवून डोळ्यांनी बघा. दुकानाला ही केस जिंकायची असेल तर दोन वेगळ्या खरेद्या दाखवाव्या लागतात, दोन ऑर्डर नंबर, दोन इन्व्हॉइस. बऱ्याचदा पाठवतात काय तर तोच एक इन्व्हॉइस आणि सोबत दोन्ही पेमेंटचे ओटीपी पास झाल्याचे लॉग. तसं असेल तर दोन ओळींचं उत्तर पुरतं: यात इन्व्हॉइस एकच आहे, ९:१२ च्या रकमेचा इन्व्हॉइस दाखवा. या उत्तराला पण तारीख असते, सहसा अगदी थोड्या दिवसांची, ती चुकवू नका.

कधीकधी दुकान बरोबर असतं हेही सांगते, माझ्यावरच आलंय. एकदा दोन सारख्या खुर्च्या मागवल्या होत्या, पाच दिवसांच्या अंतराने सारख्याच दोन रकमा कट झाल्या, मी तावातावाने डिस्प्यूट टाकला, पुरावे जोडले, सगळं. दुकानाने दोन इन्व्हॉइस पाठवले. त्यांनी दोन खुर्च्या दोन वेगवेगळ्या दिवशी पाठवल्या होत्या आणि जशी पाठवली तसे पैसे घेतले होते, माझ्याच कन्फर्मेशन ईमेलमध्ये एकूण रक्कम दुप्पट लिहिलेली होती, मी वाचलीच नव्हती! म्हणून अर्ज पाठवायच्या आधी कन्फर्मेशनमधली एकूण रक्कम आणि दोन ओळींची बेरीज एकदा ताडून बघा. तुमच्यात एकूण १८,४५० आणि बेरीज ३६,९००, तेव्हा तुम्ही सुरक्षित आहात.

बिलाचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत पण त्यातच खरा तोटा होतो लोकांचा. आक्षेप घेतला म्हणजे ती रक्कम बिलातून आपोआप वगळली गेली असं धरू नका. बँकेला सरळ विचारा, ‘वादातली रक्कम होल्डवर टाकलीय का, तिच्यावर व्याज लागेल का’, आणि उत्तर लेखी घ्या. हो म्हणाले तर बाकीचं बिल पूर्ण भरा. नाही म्हणाले, किंवा नुसतं ‘बघतो’ म्हणाले, तर शक्य असेल तर सगळं बिल वेळेवर भरून टाका, केस जिंकलात की पैसे जमा होतातच, पण १८,४५० न भरता ठेवले आणि बँकेने ती थकबाकी धरली तर कार्डावरच्या नव्या खरेदीवर पण व्याज चालू होऊ शकतं आणि लेट फी वेगळी. ऑटो-पे पूर्ण बिलासाठी लावलेलं असेल तर ते ही रक्कम पण उचलेल, त्याने केस बिघडत नाही, भरलं म्हणजे मान्य केलं असं होत नाही.

आणि मध्येच दुकान जागं होऊन रिफंड देऊन मोकळं झालं, असं पण होतं, तुमचा एआरएनवाला ईमेल त्यांच्या अकाउंट्सच्या माणसापर्यंत पोचला की बऱ्याचदा होतं. तसं झालं तर त्याच दिवशी बँकेला कळवून डिस्प्यूट मागे घ्या. खात्यात रिफंडचे १८,४५० आणि तात्पुरत्या जमेचे १८,४५० असे दोन्ही दिसतील, ते खर्चू नका, त्यातले एक बँक काढून घेणार आहे.